चित्र नसलेली वाहतूक चिन्हे: उत्तरावरून चित्र काढा

पत्र

ताई, नमस्कार. माझे वय ४६. पुढच्या आठवड्यात शिकाऊ लायसन्सची परीक्षा आहे. पुतण्याने मोबाईलवर प्रश्नसंच पाठवला. त्यात पानोपानी एकच प्रश्न आहे, 'खालील चिन्ह काय दर्शविते?' खाली तीन पर्याय, पण चिन्हाची जागा कोरी. शेवटी उत्तरसूची आहे. उदाहरणार्थ:

(अ) १. डावीकडे राहा २. डावीकडे रस्ता नाही ३. डावीकडे वळणे सक्तीचे. उत्तर: ३.
(आ) १. पादचारी प्रवेश करू शकतात २. पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडण्याची जागा ३. पादचाऱ्यांना मनाई. उत्तर: ३.
(इ) १. पुढे अरुंद रस्ता २. पुढे अरुंद पूल ३. पुढे दोन्ही बाजूंना रस्ते. उत्तर: २.

ही उत्तरे पाठ केली तर चालेल का? की चित्रे नसताना दुसरा काही मार्ग आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर

उत्तरसूची पाठ करू नका. प्रश्नाचे वाक्य सगळीकडे सारखेच असल्यामुळे त्यातून कोणतेच उत्तर आठवणार नाही. परीक्षेत प्रश्न कोणत्या क्रमाने येतील याचाही भरवसा नसतो, त्यामुळे 'चौदाव्याचे तीन' हे ज्ञान तिथे उपयोगी पडत नाही. परीक्षेत चित्र समोर असते आणि त्याचा अर्थ विचारलेला असतो. तुमच्या कागदावर अर्थ आहे आणि चित्र गायब आहे. म्हणून अभ्यास उलट्या दिशेने करा. उत्तर वाचा आणि त्यावरून कोऱ्या जागेत चित्र स्वतः काढा. वाहतूक चिन्हे ठरावीक नियमांनी बनवलेली असल्यामुळे बहुतेक ठिकाणी हे जमते.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या पहिल्या परिशिष्टात चिन्हांचे तीन गट आहेत. बंधनकारक चिन्हे गोल असतात, सावधगिरीची त्रिकोणी आणि माहिती देणारी चौकोनी. चित्र नसेल तर गट ओळखायचा तो पर्यायाच्या शब्दांवरून. 'मनाई', 'सक्तीचे', 'मर्यादा' असा शब्द दिसला की गोल काढा. 'पुढे अमुक आहे' असा सूर असला की त्रिकोण, म्हणजे टोक वर, कड लाल, आत पांढऱ्यावर काळी आकृती. पेट्रोल पंप, रुग्णालय, वाहनतळ अशी एखाद्या सोयीची किंवा जागेची नावे आली की निळा चौकोन.

गोलातही रंग दोन आहेत. मनाई आणि मर्यादा यांच्यासाठी पांढरा गोल आणि लाल कड. सक्तीसाठी पूर्ण निळा गोल आणि त्यावर पांढरी आकृती. मनाईच्या बहुतेक चिन्हांवर एक तिरकी लाल रेघ असते. मर्यादेच्या चिन्हावर ती नसते, कारण तिथे आकडा वाचायचा असतो. लाल कडेच्या गोलात नुसते ५० असले तर ती वेगमर्यादा. आकड्याच्या दोन्ही बाजूंना आडवे बाण असले तर रुंदीची मर्यादा, वर-खाली बाण असले तर उंचीची.

आता तुमचे तीन प्रश्न घेऊ.

(अ) मध्ये उत्तरात 'सक्तीचे' आहे, तेव्हा निळा गोल काढा. आत पांढरा बाण, खालून वर जाऊन डावीकडे वळणारा. झाले चित्र. पण इथेच थांबू नका, पहिला पर्यायही बघा. 'डावीकडे राहा' हेही खरे चिन्ह आहे आणि तेही निळ्या गोलातच असते. फरक बाणात आहे. वळायला सांगणारा बाण वर जाऊन मोडतो. बाजू धरून राहायला सांगणारा बाण सरळच असतो, पण तिरका, टोक खाली डावीकडे. रस्त्याच्या मधल्या दुभाजकाच्या तोंडाशी ही पाटी असते आणि गाडी दुभाजकाच्या कोणत्या अंगाने न्यायची ते सांगते. दोन्ही बाण शेजारी शेजारी काढून ठेवा. 'डावीकडे रस्ता नाही' हा पर्याय निव्वळ भरीला घातलेला आहे, तो सोडून द्या.

(आ) वर मात्र अडायला होते, आणि ते साहजिक आहे. 'रस्ता ओलांडण्याची जागा' आणि 'मनाई' ही दोन्ही चिन्हे प्रत्यक्षात आहेत आणि दोन्हींत चालणारा माणूसच आहे. चित्र नसताना नुसत्या पर्यायांवरून यातले कोणते विचारले आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. उत्तरसूची खरी उपयोगी पडते ती इथे. सूची ३ म्हणते, म्हणजे गेलेले चित्र लाल कडेच्या गोलातल्या माणसाचे होते आणि त्याच्यावर तिरकी रेघ होती. पर्याय २ चे चित्र त्याच्या शेजारी काढा. लाल कडेचा त्रिकोण, आत पट्ट्यांवरून चालणारा माणूस. एका प्रश्नातून दोन चिन्हे पक्की झाली, आणि परीक्षेत यातले कोणतेही आले तरी तुमची तयारी असेल.

(इ) मध्ये तिन्ही पर्याय 'पुढे'ने सुरू होतात, म्हणजे बाहेरचा त्रिकोण तिन्हींना सारखाच. इथे आकाराने काम भागत नाही, आतल्या रेघा बघाव्या लागतात. अरुंद रस्त्याच्या चिन्हात दोन उभ्या रेघा खाली एकमेकींपासून लांब असतात आणि वर जाता जाता जवळ येऊन तशाच जवळ राहतात. रस्ता अरुंद झाला, तो पुढेही अरुंदच. पुलाच्या चिन्हात त्याच दोन रेघा मधल्या भागात जवळजवळ आणि समांतर असतात, पण वरची आणि खालची अशी दोन्ही टोके बाहेर वळलेली असतात. पूल तेवढ्यापुरता अरुंद असतो आणि पलीकडे रस्ता पुन्हा मोकळा होतो, हेच ती टोके दाखवतात. त्रिकोणातले चित्र नेहमी खालून वर वाचा, कारण तुम्ही खालच्या टोकाशी उभ्या आहात आणि वरचा भाग पुढे येणारा रस्ता आहे. नागमोडी वळणाच्या चिन्हातही हाच नियम लागतो. खालून निघालेली रेघ आधी उजवीकडे गेली तर उजवे नागमोडी वळण, आधी डावीकडे गेली तर डावे. रेघ वर कुठे संपते ते बघून उत्तर दिलेत तर चुकण्याची शक्यता जास्त.

एकच आकृती वेगवेगळ्या चौकटींत गेली की अर्थ कसा बदलतो, हे एकदा हाताने काढून बघाच. सायकल घ्या. लाल कडेच्या त्रिकोणात सायकल असली तर पुढे सायकलस्वार रस्ता ओलांडतात. लाल कडेच्या गोलात सायकल आणि वर तिरकी रेघ असली तर सायकलींना बंदी. निळ्या गोलात पांढरी सायकल असली तर तो मार्ग सायकलींसाठीच राखलेला. निळ्या चौकोनात वाहनतळाच्या 'पी' अक्षराबरोबर सायकल असली तर ती सायकली लावण्याची जागा. आकृती एक, अर्थ चार. हॉर्नचेही असेच आहे. रेघ मारलेला हॉर्न लाल गोलात असतो तो रुग्णालयाजवळच्या किंवा शाळेजवळच्या शांतता क्षेत्रात, आणि निळ्या गोलातला पांढरा हॉर्न म्हणजे वाजवणे सक्तीचे. घाटात जिथे वळणापलीकडची गाडी दिसत नाही तिथे ते सांगावे लागते. नुसते 'हॉर्नचे चिन्ह' एवढेच लक्षात ठेवले तर परीक्षेत नेमके उलटे उत्तर दिले जाते.

नियमात न बसणारी थोडी चिन्हे आहेत. ती मात्र वेगळ्या पानावर काढून पाठच करावी लागतात.

'थांबा' हे अष्टकोनी आणि पूर्ण लाल असते. 'रस्ता द्या', म्हणजे मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्या, याचा त्रिकोण उलटा असतो, टोक खाली. दोन्ही आदेश आहेत, तरी ती गोल नाहीत. पाटी धुळीने माखली किंवा आपल्याकडे पाठ करून असली तरी नुसत्या आकारावरून कळावी, यासाठी हे आकार राखून ठेवलेले आहेत. 'प्रवेश बंद' हे गोलच आहे, पण पूर्ण लाल, आणि मधोमध एक आडवी पांढरी पट्टी. त्यात ना बाण, ना वाहन. बंधन संपल्याच्या चिन्हाला लाल कड नसते. पांढऱ्या गोलावर तिरकी काळी पट्टी एवढेच ते चित्र. तिरकी पट्टी दिसली की मनाई असे डोक्यात बसलेले असल्यामुळे बरेच जण इथे 'प्रवेश बंद'वर खूण करतात.

सगळ्यात जास्त घोटाळा पार्किंगच्या दोन चिन्हांत होतो. 'वाहन उभे करण्यास मनाई' आणि 'थांबण्यास मनाई' या दोन्हींची कड लाल असते, पण आतला भाग पांढरा नसून निळा असतो. निळा म्हणजे सक्ती हा नियम इथे लावलात तर गाडी चुकलीच. निळ्यावर एक तिरकी लाल रेघ असली तर गाडी तिथे लावून ठेवायची नाही, पण कोणाला उतरवण्यापुरते थांबता येते. एकमेकींना छेदणाऱ्या दोन लाल रेघा असल्या तर तेवढेही थांबायचे नाही. एक रेघ सौम्य मनाई, दोन रेघा कडक मनाई, असे लक्षात ठेवा. प्रश्नात हे दोन्ही पर्याय सहसा एकत्रच देतात.

रेल्वेच्या प्रश्नातही असाच फसवा पर्याय असतो, 'रेल्वे स्थानक जवळ आहे'. त्रिकोणात इंजिन दिसले की मन लगेच स्टेशनकडे धावते. पण लाल कडेचा त्रिकोण सोय दाखवत नाही, धोका दाखवतो. इंजिन असलेला त्रिकोण म्हणजे पुढे पहारेकरी नसलेले रेल्वे क्रॉसिंग. कुंपणासारखे फाटक असलेला त्रिकोण म्हणजे पहारेकरी असलेले. क्रॉसिंगवर फाटकच नसेल तर समोरून अचानक येणार ते इंजिन, हे लक्षात घेतले की कोणते चित्र कुठले ते विसरत नाही. त्रिकोणाखाली दोन पट्ट्या असल्या तर क्रॉसिंग सुमारे २०० मीटरवर आहे, एक पट्टी असली तर ५० ते १०० मीटरवर. आपल्या ब्रॉडगेज मार्गांवरची विनापहारेकरी क्रॉसिंग रेल्वेने २०१९ च्या सुरुवातीपर्यंत काढून टाकली, म्हणून हे चिन्ह आता विचारणार नाहीत असे कोणी सांगेल. तसे समजू नका. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत काय विचारायचे ते केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११व्या नियमात दिले आहे, आणि पहारेकरी नसलेले क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी हा त्यातला एक विषय आहे.

निळ्या चौकोनांपैकी तीनच नीट बघून घ्या. नुसता क्रॉस म्हणजे प्रथमोपचार केंद्र. खाट आणि क्रॉस म्हणजे रुग्णालय. क्रॉस नसलेली खाट म्हणजे विश्रांतीची जागा. हे तिन्ही पर्याय एकाच प्रश्नात येतात. बाकीचे चौकोन, म्हणजे पेट्रोल पंप, टेलिफोन, काटा-चमचा, बघताक्षणी कळतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

आता वहीचे काम. प्रश्नसंचातले चित्राचे प्रश्न क्रमाने न घेता आधी गोल, त्रिकोण आणि चौकोन असे वेगळे करा. लाल, निळे आणि काळे स्केचपेन घ्या. डाव्या पानावर चित्र काढा आणि उजव्या पानावर त्याचा अर्थ लिहा. पर्यायांतली जी इतर खरी चिन्हे आहेत तीही काढा. चित्रकला चांगली नसली तरी चालते. सायकल म्हणून दोन वर्तुळे आणि एक दांडा पुरे, पण बाहेरची चौकट, रंग आणि तिरकी रेघ मात्र चुकता कामा नये. नंतर उजवे पान झाकून चित्रावरून अर्थ सांगा, कारण परीक्षेत हेच करायचे आहे. पुतण्याला कोणतेही पान उघडून विचारायला सांगा.

काढलेली चित्रे बरोबर आहेत का, हे पडताळल्याशिवाय वही पूर्ण झाली असे मानू नका. त्याची सोय तुमच्याजवळच आहे. परवानाधारक मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वाहतूक चिन्हांचा तक्ता असणे नियमानेच बंधनकारक आहे. तुम्ही ज्या स्कूलमध्ये गाडी शिकणार असाल तिथे वही घेऊन जा आणि एकेक चित्र तक्त्याशी ताडून बघा. दुसरी जागा म्हणजे sarathi.parivahan.gov.in हे सरकारी संकेतस्थळ. अर्जही इथूनच करायचा असतो आणि सरावासाठी मॉक टेस्टही इथेच आहे. त्यात चित्रे असतात.

पडताळताना उत्तरसूचीकडेही लक्ष द्या. हातोहात फिरणाऱ्या अशा फायलींत चित्रे गळतात, तसा मधलाच एखादा प्रश्नही गळतो. मग तिथून पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकतात. हे ओळखायला सोपे आहे. एका ठिकाणापर्यंत उत्तरे पटतात आणि त्यानंतर लागोपाठ तीन-चार विचित्र वाटू लागतात. 'अपघात झाल्यावर काय कराल' या प्रश्नाला 'हॉर्न वाजवीन' असे उत्तर निघते. तसे दिसले की त्या जागेपासून सूची एक घर मागे किंवा पुढे सरकवून बघा. जुळली तर ठीक, नाही तर ती सूची बाजूला ठेवा आणि संकेतस्थळावरच अभ्यास करा.

पुतण्याने चित्रे असलेला संच कुठून मिळवला आणि त्याची झेरॉक्स आणली, तर रंग जाईल. तरी घाबरू नका. झेरॉक्समध्ये निळा भाग गडद उमटतो, म्हणून गडद गोलावर पांढरा बाण दिसला तर सक्ती, आणि पांढऱ्या गोलावर काळा बाण आणि त्यावर रेघ दिसली तर मनाई. पार्किंगच्या दोन चिन्हांत मात्र झेरॉक्सवर निळ्यावरच्या लाल रेघा अनेकदा पुसट होतात. ती दोन रंगीत बघितल्याशिवाय सोडू नका.

महाराष्ट्रात या परीक्षेत १५ प्रश्न असतात आणि ९ बरोबर यावे लागतात. सगळे प्रश्न चिन्हांचे नसतात. पुलावर समोरून गाडी आली तर काय करावे, गाडीत कोणती कागदपत्रे ठेवावीत, असेही असतात. म्हणून वही झाल्यावर ते प्रश्नही एकदा वाचून जा.

आधारची ओळख पटवून घरून परीक्षा देणार असाल तर आधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो. मगच प्रश्न सुरू होतात, आणि प्रत्येक प्रश्नाला वेळ मोजका असतो. नेट मंद असेल तर चित्र उशिरा उमटते. अशा वेळी नुसते वाट बघत बसू नका, तोपर्यंत पर्याय वाचून काढा आणि कोणत्या गटातले चिन्ह येणार ते मनाशी ठरवा. चित्र आले की फक्त आतली आकृती आणि रेघ तपासायची राहते. चित्र आलेच नाही, तर जो पर्याय कोणत्याच खऱ्या चिन्हाचा नाही तो आधी बाद करा आणि उरलेल्यांतून एक निवडून पुढे जा. तुमच्याकडे घरचे नेट वारंवार तुटत असेल, तर आरटीओ कार्यालयात जाऊन तिथल्या संगणकावर परीक्षा देण्याचा मार्ग निवडा. हे अर्ज करतानाच ठरवायचे असते. तुमची तारीख घरच्या परीक्षेची असेल, तर त्या दिवशी चांगले नेट असलेल्या कोणाकडे तरी बसायची सोय आत्ताच करून ठेवा.